पॉइंट चाळीस

विश्रामबागेत एक गृहस्थ असे आहेत, की ते कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. त्यांची नजर समोरच्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, खिशाच्या दोन बोटं वर खिळलेली असते. कुरिअरवाला आला, पेट्रोल पंपावरचा पोरगा दिसला, बँकेच्या दारातला वॉचमन उठून उभा राहिला, की यांचं लक्ष त्याच्या शर्टावर काढलेल्या लोगोवर. बघून झालं की एकतर "हं" म्हणतात किंवा "अरेरे" म्हणतात. वॉचमनला वाटतं, आपल्या तब्येतीबद्दल काही बोलले. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाच्या ब्लेझरची कड उलटी करून आतलं अस्तर बघितलं होतं. तेव्हापासून समारंभाला जाताना काकू त्यांचे दोन्ही हात आपल्या पिशव्यांनी भरून टाकतात.

काकांचा धंदा पंचिंगचा. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन स्वतःच्या डोक्यानं काही काढत नाही. सुईनं कुठून कुठं जायचं, कितवा टाका कुठं टोचायचा, दोरा कुठं तोडायचा, हे सगळं आधी कुणीतरी एका फाइलीत मांडून द्यावं लागतं. ते काका मांडतात. शंभर फुटी रोडकडून आत वळलं की एका वाड्याच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक सिंगल हेड मशीन सॅम्पल काढायला, आणि भिंतीवर एक पाटी : 'डिझाइन नंतर. आधी कापड दाखवा.' सगळी विश्रामबाग त्यांना 'पॉइंट चाळीस' म्हणते. तोंडावर अर्थात काकाच.

हे नाव पडलं त्याला कारण आहे. भरतकामात टाक्यांच्या दोन ओळींमध्ये किती अंतर ठेवायचं, यावर घनता ठरते. नेहमीच्या रेयॉन किंवा पॉलिस्टरच्या दोऱ्याला ०.४० मिलिमीटर हे अंतर साधारण बरोबर बसतं. दोराच जवळपास तेवढा जाड असतो, त्यामुळे ओळीला ओळ लागून बसते, खालचं कापड दिसत नाही आणि दोऱ्यावर दोराही चढत नाही. अंतर कमी केलं की भरणा दाट होतो. गिऱ्हाइकाला दाट आवडतं. दाट म्हणजे भरपूर, भरपूर म्हणजे पैसे वसूल, हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे, तो बासुंदीलाही लागू आहे. काका मात्र 'दाट' शब्द ऐकला की खुर्चीत ताठ होतात. "पॉइंट चाळीसचं पॉइंट तीस केलं तर टाके तेहतीस टक्क्यांनी वाढतात. ते बसणार कुठं? कापडात जागा हाय काय?"

आता यातली मौज अशी, की या धंद्यात पैसे टाक्यांवर मिळतात. हजार टाक्यांचा दर ठरलेला असतो, पंचिंगवाल्याचाही आणि मशीनवाल्याचाही. म्हणजे टाके वाढले की काकांची कमाई वाढते. आणि हा माणूस दिवसभर बसून टाके कमी करतो. बावीस हजारांचं डिझाइन तेरा हजारांवर आणलं की उठून चहा सांगतो, स्वतःच्या पैशानं. काकू एकदाच म्हणाल्या, "दुसऱ्या कुठल्या धंद्यात असते तर बरं झालं असतं." कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही सुचलं नसावं.

आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा मी सल्लागार आहे. सल्लागार म्हणजे ज्याची वर्गणी मोठी आणि ज्याचं कुणी ऐकत नाही असा इसम. गेल्या वर्षी मंडळानं दीडशे टी-शर्ट करायचे ठरवले. तिरुपूरचा माल, कॉलरवाला, जाळीदार विणीचा. छातीवर मंडळाचा गोल बिल्ला : मध्ये गणपती, भोवती कड्यात मंडळाचं नाव. अध्यक्षांकडे या बिल्ल्याची फाइल आधीची होती. कधीतरी कॅनव्हासच्या पिशव्यांवर १०० मिलिमीटरचा बिल्ला काढला होता, तीच DST फाइल पेन ड्राइव्हमध्ये होती. अध्यक्षांनी ती परस्पर एका मशीनवाल्याला दिली आणि सांगितलं, जरा लहान कर, ८० कर. त्यानं मशीनवरच लहान केली आणि नमुन्याचा एक शर्ट काढून दिला.

तो शर्ट घेऊन आम्ही काकांकडे गेलो, कारण तो घालता येत नव्हता. बिल्ला वाळलेल्या आंबापोळीसारखा कडक झाला होता. भोवतीनं कापडाला चुण्या पडल्या होत्या, आणि कडेला एका ठिकाणी सुईनं तिथंच तिथंच टोचून कापड कापलं गेलं होतं. मंडळाच्या नावात सुरुवातीलाच 'बाल' हा शब्द आहे. त्यातल्या 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ दोऱ्यात गडप झाली होती आणि शर्टावर स्वच्छ 'वाल' असं वाचता येत होतं. मागच्या गल्लीतल्या मंडळाला ही बातमी आमच्या आधी कळली होती. ती पोरं आम्हाला बघून पावटा आणि घेवड्याचे भाव विचारायला लागली होती.

काकांनी शर्ट हातात घेतला तो उलटा करूनच. ते नेहमी आधी पाठ बघतात. पाठीमागं बॉबिनचा पांढरा दोरा पट्टीच्या मधोमध साधारण एक तृतीयांश दिसला, तर मशीनचा ताण बरोबर असतो. तसा तो होता. "मशीनवाल्याचा दोष न्हाई," काका म्हणाले. अध्यक्षांचा चेहरा पडला, कारण भांडायला म्हणून त्यांनी दोन कार्यकर्ते सोबत आणले होते.

"टाके किती होते मोठ्या डिझाइनला?"

"बावीस हजार."

"आणि लहानाला?"

"बावीस हजारच."

"मग?" एवढंच म्हणून काका आमच्याकडे बघत राहिले. मारुतीच्या देवळात प्रसादाचा पेढा एकच उरलेला असावा आणि आम्ही चौघांनी तो मागावा, असा काहीतरी भाव त्यांच्या तोंडावर होता.

मग त्यांनी समजावून सांगितलं. DST फाइलीत आकार नसतो. तिला गोल माहीत नाही, अक्षर माहीत नाही, रंगसुद्धा माहीत नाही. सुई इथून किती आडवी आणि किती उभी सरकवायची, एवढ्याच सूचना तिच्यात एकामागोमाग असतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजलेल्या. ती लहान केली की प्रत्येक पाऊल लहान होतं, पावलं तेवढीच राहतात. शंभरचं ऐंशी केलं तेव्हा ओळींमधलं ०.४० चं अंतर ०.३२ झालं आणि चार मिलिमीटरचा टाका ३.२ वर आला. दोन्ही बाजूंनी गर्दी. तेवढ्याच जागेत दीडपटीहून जास्त टाके. दहा टक्क्यांपर्यंत असं खपून जातं, वीस टक्क्यांना कापड बोलायला लागतं. लहान-मोठं करायचं तर पंचिंगवाल्याकडची मूळ EMB फाइल लागते. तिच्यात आकार असतो, घनता असते, म्हणून माप बदललं की टाके नव्यानं मोजून घातले जातात. आमच्याकडे मूळ फाइल नव्हती. ती कुणी मागून घेत नाही, जसं कुणी घराचा नकाशा मागून घेत नाही.

"नवीन करावं लागेल," काका म्हणाले, आणि कागद ओढून घेतला. "आता सांगा, यातलं काय काय काढायचं?"

पुढचा अर्धा तास मंडळाची सर्वसाधारण सभा झाली. काकांचं म्हणणं, कापडावर अक्षर वाचता यायचं असेल तर त्याचं धड किमान पाच-साडेपाच मिलिमीटर उंच हवं. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, म्हणजे एकंदर नऊ. त्यासाठी मधलं वर्तुळ साठवरून बावन्नवर आणायचं. त्या कड्यात तीसेक अक्षरं मावतात, जास्त नाही. मंडळाच्या नावात एकोणपन्नास होती. 'रजि. नं.' काढा म्हटल्यावर खजिनदार उठून उभे राहिले. नंबर मिळवायला त्यांनीच चकरा मारल्या होत्या. 'सार्वजनिक' काढा म्हटल्यावर अध्यक्ष म्हणाले, मग लोकांना खासगी वाटेल. शेवटी 'स्थापना', साल आणि रजिस्ट्रेशन गेलं, 'सार्वजनिक' राहिलं आणि खजिनदारांनी चहा घेतला नाही.

काकांच्या दुकानात कॉम्प्युटरची पाठ गिऱ्हाइकाकडे असते. स्क्रीन भिंतीकडे. याचं कारण मला त्या दिवसांत कळलं. अध्यक्षांनी हट्टानं मागं जाऊन स्क्रीन बघितली आणि ओरडले, "काका, हा गोल कुठाय? हे अंडं झालंय आडवं!"

खरंच अंडं होतं. आणि ते मुद्दाम काढलेलं होतं. दोऱ्याला मशीनमध्ये ताण असतो. टाका बसला की तो आपली दोन टोकं एकमेकांकडे ओढतो, आणि त्या टोकांबरोबर कापडही आत येतं. म्हणून टाके ज्या दिशेनं जातात त्या दिशेला आकार आखडतो. ओळी एकमेकींना ढकलतात, म्हणून दुसऱ्या दिशेला तो किंचित पसरतो. आडव्या टाक्यांनी अचूक गोल भरला तर कापडावर उभं अंडं येतं. कापडावर गोल पाहिजे असेल तर स्क्रीनवर आडवं अंडं काढावं लागतं. या वाढवून ठेवण्याला पुल कॉम्पेन्सेशन म्हणतात. काका नुसतं 'पुल' म्हणतात.

किती पुल द्यायचा, हे काका अंदाजानं ठरवत नाहीत. त्यांनी आमच्याच शर्टांपैकी एक घेतला, मागं पेपर लावला, रिंगमध्ये बसवला आणि पुल शून्यावर ठेवून ५२ मिलिमीटरचं कोरं वर्तुळ भरलं. मग ड्रॉवरमधून व्हर्निअर काढला. आडवं माप आलं ५१.२, उभं ५२.३. म्हणजे हे कापड या पेपरवर, या ताणाला, आडवं जवळपास मिलिमीटरभर आत येतं. साधं जाड कॉटन एवढं येत नाही, फ्लीसचा स्वेटशर्ट याहून जास्त येतो. वालचंद कॉलेजचे पोरगे आपल्या कार्यक्रमाचे टी-शर्ट घेऊन काकांकडे येतात. त्यांच्यातल्या एका मेकॅनिकलच्या मुलानं हे बघून विचारलं होतं, "काका, मग फॉर्म्युला काय?" काकांनी त्याला व्हर्निअर दाखवला.

तरी एकट्या पुलवर काका विसंबत नाहीत. वर्तुळाच्या कडेनं दोन मिलिमीटरची सॅटिनची पट्टी फिरते. भरणा आखडला की पट्टी आणि भरणा यांच्यामध्ये शर्टाची चंद्रकोर दिसायला लागते, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. चांगला लोगो ओळखायची काकांची पहिली खूण हीच, वॉचमनच्या छातीवर ते हीच चंद्रकोर शोधत असतात. ती येऊ नये म्हणून त्यांनी भरणा पट्टीच्या खाली मिलिमीटरभर सरकवून ठेवला, आणि भरणा संपल्याबरोबर लगेच पट्टी घेतली. सगळी अक्षरं काढून मग शेवटी पट्टीकडे यायचं ठरवलं, तर तोपर्यंत कापड कुठल्या कुठं सरकलेलं असतं.

"आणि हे खाली काय भुतासारखं दिसतंय?" अध्यक्षांचं बोट आता स्क्रीनवरच होतं.

"अंडरले."

इथं काकांचा आवाज बदलतो. कुळाचार सांगताना बदलतो तसा. अंडरले म्हणजे वरचे टाके पडायच्या आधी खाली घातलेले विरळ टाके. ते झाकले जातात, कुणाला दिसत नाहीत, त्यांचं कौतुक होत नाही आणि पैसे वाचवायला निघालेला माणूस पहिल्यांदा तेच काढून टाकतो. आधी आकाराच्या कडेनं, थोडं आतून, एक साधी धाव घ्यायची. मग दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरानं तिरक्या ओळी, वरच्या भरण्याच्या दिशेला छेद देणाऱ्या. एवढ्यानं कापड मागच्या पेपरला जखडलं जातं आणि वरचा भरणा त्याला फारसा ओढू शकत नाही. दुसरं, आमच्या शर्टाची वीण जाळीची होती. तिच्या भोकांत वरचे टाके बुडतात आणि भरणा खड्ड्याखड्ड्यांचा दिसतो. अंडरलेच्या ओळी त्या भोकांवर आडव्या पडतात आणि वरच्या टाक्यांना तरंगत ठेवतात. अंडरले नीट असेल तर ०.४२ वर सुद्धा कापड झाकलं जातं. तो नसेल तर लोक ०.३० वर जातात, आणि मग शर्ट कडक झाला म्हणून आमच्यासारखे चौघं मिळून येतात.

खरी कसोटी अक्षरांची होती. रोमन लिपीच्या अक्षराला डोक्यावर काही नसतं. आपल्याला शिरोरेषा आहे. शिरोरेषा आडवी, म्हणून तिचे टाके उभे. अक्षराचा दंड उभा, म्हणून त्याचे टाके आडवे. शिरोरेषा उंचीत बारीक होते आणि दोन्ही टोकांना लांबते. दंड रुंदीत बारीक होतो आणि वर-खाली लांबतो, म्हणजे शिरोरेषेतून डोकं बाहेर काढतो. सांध्यावर दोन्हींचे टाके एकावर एक येऊन गाठ होते ती वेगळीच. काकांनी प्रत्येक दंड वरून पाव मिलिमीटर छाटला, शिरोरेषेची टोकं आत घेतली, आणि दंडाला रुंदीत थोडा पुल दिला. जास्त देता येत नाही, कारण दंड जाड झाला की अक्षराच्या पोटातली जागा बुजते. एवढ्या बारीक पट्टीला अंडरलेही फक्त मधून एक धाव. नागमोडी अंडरले घातला तर तो कडेनं बाहेर डोकावतो.

आणि मग 'ब'. काकांनी त्या एका अक्षरावर दुपार घालवली. त्याचं पोट त्यांनी खऱ्याहून मोठं काढलं, चांगलं सुटलेलं. आतली तिरकी रेघ सॅटिननं न भरता साध्या धावदोऱ्यानं जाऊन-येऊन दोनदा घेतली. सॅटिन एक मिलिमीटरच्या खाली नेलं की टाके इतके आखूड होतात की सुई एकाच भोकात परत परत शिरते. अनुस्वारही असाच. गोल टिंब भरायला गेलं तर गाठ होते, म्हणून काकांनी तो थोडा आडवा आणि जरा मोठाच काढला. स्क्रीनवर मंडळाचं नाव असं दिसत होतं, की सगळी अक्षरं जेवून उठलीत आणि 'ब' पंगतीत शेवटपर्यंत बसला होता.

अध्यक्षांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत एकवीस सूचना आल्या. अक्षरं बारीक करा. गोल नीट करा. 'ब' व्यायामशाळेत पाठवा. काकांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या, स्क्रीन बंद केली आणि मशीन चालू केलं. जाळीच्या विणीवर टाके बुडू नयेत म्हणून वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवली, सुई होजियरीची, गोल टोकाची लावली. ती धागा तोडत नाही, बाजूला सारून आत जाते. अठरा मिनिटं आम्ही सगळे त्या एका सुईकडे बघत उभे होतो.

शर्ट बाहेर आला. काकांनी पाण्याचा हात फिरवून फिल्म काढली आणि व्हर्निअर लावला. वर्तुळ ५२, आडवंही आणि उभंही. चंद्रकोर नाही. 'बाल' दोन हातांवरून वाचता येत होतं. अध्यक्षांनी बिल्ला चिमटीत धरून दुमडून बघितला, तो दुमडला. टाके साडेतेरा हजार. ग्रुपवर या शर्टाचा फोटो टाकला, त्याला एकही सूचना आली नाही. आधीच्या एकवीसजणांपैकी काहींनी आपण सांगितल्याप्रमाणे दुरुस्ती झाल्याचं नमूद केलं.

अडचण निघाली ती मशीनवाल्याकडून. त्याचा दर हजार टाक्यांवर, आणि शर्टामागे साडेआठ हजार टाके गेले होते. तो काकांकडे तक्रार घेऊन आला. काकांनी त्याला पाटीवर हिशेब मांडून दिला. मिनिटाला साडेसातशे टाके. बावीस हजारांना अर्ध्या तासाला थोडं कमी, साडेतेरा हजारांना अठरा मिनिटं. चार हेडचं मशीन, दीडशे शर्ट, म्हणजे अडतीस फेऱ्या. फेरीमागे अकरा मिनिटं धरली तरी सात तास वाचतात, दोरा तुटून मशीन थांबतं तो वेळ वेगळाच. सात तासांत दुसरं काम घे. मशीनवाल्याला हिशेब पटला, पण दुसरं काम कुठाय ते काकांना सांगता आलं नाही. त्यांनी त्याला चहा पाजला. त्या चहाचे पैसेही त्यांनीच दिले, हे काकूंनी खिडकीतून बघितलं.

काकांनाही जमत नाही असं बरंच आहे, आणि ते कबूल करतात. रिंगमध्ये शर्ट ढिला बसवला तर फाइलीतला कुठलाही आकडा उपयोगाचा नाही. ओढून ताणून बसवला तर रिंगमध्ये सगळं सुरेख दिसतं आणि रिंग काढल्यावर कापड मूळ जागी परतताना बिल्ल्याभोवती चुण्या पाडतं. पेपर हलका लावला तरी तेच. म्हणून दीडशे शर्टांपैकी पहिले चार निघेपर्यंत काका मशीनवाल्याच्या दारात उभे होते. तो त्यांना आत बोलावत होता, हे जात नव्हते. आत गेले असते तर त्यांनी बॉबिनला हात घातला असता, आणि तेवढी लाज त्यांना आहे.

यंदा मंडळानं टोप्या करायचं ठरवलं. अध्यक्ष आता तयार झालेत. ते काकांकडे गेले, 'तीच फाइल' हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत, काकांनी मागायच्या आत खिशातून टोपी काढून समोर ठेवली. काकांचे डोळे भरून यायचेच बाकी होते. त्यांनी टोपी घेतली, उलटी केली, आतून बोट फिरवलं आणि बोट मधोमध थांबलं.

"शिवण हाय मधोमध."

"टोपीला असतीच की, काका."

"गणपतीची सोंड बरोबर शिवणीवर येती. एका बाजूला कापड दुहेरी, एका बाजूला एकेरी. सोंड घसरणार." काकांनी थोडा विचार केला. "थोडी उजवीकडं वळवू का?"

अध्यक्ष उभेच राहिले. "उजव्या सोंडेचा करताय? दीडशे टोप्या? काका, त्याचं सोवळं कडक असतंय! ही पोरं टोपी घालून वडापाव खाणार, कुठंही बसणार. कोण पाळणार ते?"

काका बराच वेळ टोपीकडे बघत बसले. स्क्रीन भिंतीकडे होती, त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी माऊस हातात घेतला.

"डावीच ठेवतो. मधनं बाहेर काढत येतो आणि शिवणीखाली दुहेरी अंडरले घालतो." आणि आयुष्यात पहिल्यांदाच बोलत असल्यासारखं, काकूंकडे चोरून बघत, खाली मान घालून म्हणाले, "पण टाके वाढतील हं. आधीच सांगून ठेवतो."